‘एकला चलो रे’ मराठीत गाताना : प्रकल्प नोंदी

3 जून

काम ठरलं. आमच्या अकरा जणांच्या गायनगटाला 7 ऑगस्टला, रवींद्रनाथांच्या स्मृतिदिनी, ‘एकला चलो रे’ मराठीत गायचं आहे. शब्द मी करायचे. अट एकच : मूळ चाल एका सुरानंही बदलायची नाही. पेटीवर बसणारे काका म्हणाले, “शब्दांसाठी सूर ओढायला लागलीस, तर ते भाषांतर नाही, तोडफोड आहे.” मला हे मान्य आहे. यमकही ठेवायचं आहे. जे हाताला लागणार नाही, ते कार्यक्रमाच्या पत्रकावर श्रोत्यांना स्पष्ट सांगायचं, असंही ठरलं. म्हणून या नोंदी.

गाणं 1905 सालचं आहे, बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीतलं. चाल मात्र त्याहून जुनी, ‘हरिनाम दिये जगत माताले आमार एकला निताइ रे’ या कीर्तनाची. म्हणजे ‘एकला’ हा शब्द आणि शेवटचा ‘रे’ कीर्तनातूनच आलेत. आपल्या कानाला हे गाणं परकं का वाटत नाही, त्याचं निम्मं कारण इथंच आहे.

5 जून

आज अर्थाला हात लावला नाही, फक्त मोजलं. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या बंगाली बौदींकडून (सगळे त्यांना बौदीच म्हणतात) गाणं बोलल्यासारखं म्हणवून घेतलं, मग गाऊन घेतलं.

यदि / तोर डाक शुने / केउ ना आसे / तबे / एकला चलो / रे

बंगाली उच्चारात ‘जोदि’, ‘तोबे’, ‘चोलो’. तोंडातून एका झटक्यात निघणाऱ्या तुकड्याला मी खंड म्हणते. तोर-डाक-शु-ने असे चार खंड. केउ-ना-आ-से, पुन्हा चार. एक्-ला-चो-लो, चार. मग लांब धरलेला ‘रे’. ‘यदि’ आणि ‘तबे’ हे दोन-दोन खंड ठेक्याच्या आधी उचलून घेतलेले. जोर पडतो तो त्यांच्या पुढच्या शब्दावर. ताल दादरा, सहा मात्रांचा, पण भाषांतर करताना मला मात्रांपेक्षा हे चार-चार खंडच उपयोगी पडणार, कारण चुकलं तर गाणारा तिथेच अडखळतो.

पूर्ण गाणं असं मांडलं, तर कडव्यांचा सांगाडा दिसतो. प्रत्येक कडव्यात दोन ओळी आपसात जुळतात (कय–भय, याय–चाय, धरे–घरे), आणि शेवटची ओळ धृपदाशी जुळते : चलो रे, बलो रे, दलो रे, ज्वलो रे. चाल, बोल, तुडव, जळ. चार क्रियापदं, चार पायऱ्या, आणि चारही एकाच यमकात. कवीला हे भाषेनं आयतं दिलं. मला मराठी ते देईल असं दिसत नाही.

9 जून

पाच दिवस ‘चलो’पाशीच.

‘एकला’ आपल्याकडे आहे. रोजच्या बोलण्यात ‘एकटा’ म्हणतो, पण ‘एकला जीव’ कानाला ओळखीचा आहे, ‘एकलकोंडा’ तर सर्रास. शिवाय ‘एक्-ला’ हे दोन खंड जसेच्या तसे बसतात. हा शब्द ठेवला.

‘चलो’चं काय? ‘चला’ केलं तर खंड बरोबर येतात, पण अर्थ उलटा होतो. मराठीत ‘चला’ म्हणजे चारचौघांना हाक. सहलीच्या बसपाशी म्हणतात तसं. ‘एकला चला’ ऐकल्यावर तालमीत दोघं हसली, आणि त्यांचं बरोबर होतं. ‘चल’ म्हटलं तर ते ‘माझ्याबरोबर ये’ असं होतं, नाहीतर ‘चल, काहीतरीच!’ राहिलं ‘चाल’. पाय उचलून टाकत राहणं, हा अर्थ नेमका. शिवाय गाण्याची चाल हाही अर्थ मागे हलकेच वाजतो. तो मूळात नाही, पण त्रास देत नाही.

अडचण अशी की ‘चोलो’ दोन खंडांचं आहे आणि ‘चाल’ बोलताना एकाच खंडाचं. ‘एकला चाल’ तीनच होतात. यावर उपाय भजनात सापडला. अभंगात आपण अक्षरं मोजतो, उच्चार नाही. ‘चाल’ ही दोन अक्षरं, आणि भजनी मंडळात शेवटच्या अक्षरातला ‘अ’ थोडा उघडा ठेवून गातातच. तसं ‘चालऽ’ गायलं. सातारकडच्या काकू, ज्यांचं आयुष्य भजनात गेलंय, त्यांनी पहिल्याच वेळी सहज गायलं. तरुण मुलांना ते जरा जुनाट वाटलं. चाल कीर्तनाची आहे हे सांगितल्यावर त्यांनीही धरलं.

10 जून

कालच्याचीच पुरवणी. बौदींनी एक गोष्ट दाखवली, जी मी आजवर ऐकूनही ऐकली नव्हती. ‘तोर’ म्हणजे ‘तुझी’, तीही अगदी सलगीची. बंगालीत तीन पायऱ्या आहेत : ‘तुइ’ जवळच्यासाठी किंवा लहानासाठी, ‘तुमि’ बरोबरीसाठी, ‘आपनि’ मानासाठी. ‘तोर’ हे ‘तुइ’चं रूप. त्याला जुळणारी आज्ञा ‘चल्’. पण गाण्यात आहे ‘चलो’, ते ‘तुमि’चं रूप! कडव्यात तर ‘ओ तुइ’ म्हणून लगेच ‘बलो’. लोकगीताच्या वळणाला आणि लयीला हे खपतं, कुणालाच टोचत नाही.

मराठीत ‘तू चाला’ म्हटलं तर ते सरळ चूक ऐकू येतं. म्हणून मी ‘तू… चाल’ असं एकसारखं केलं. व्याकरण सुधारलं, पण एक गंमत गेली : आधी खांद्यावर हात ठेवून ‘अरे तुझी हाक’ म्हणायचं आणि आज्ञा देताना त्याच माणसाला एक पायरी वर उभं करायचं, असं त्या ‘चलो’त मला वाटतं. कवीनं हे ठरवून केलं असा माझा दावा नाही. पण ऐकणाऱ्याला ते जाणवतं, आणि मराठीत ते येणार नाही. पत्रकासाठी पहिली नोंद.

16 जून

पहिली ओळ. ‘यदि… तबे’साठी ‘जरी… तरी’ इतकं नेमकं बसतं की आठवडाभर मी तेच गात होते. दोन खंड, दोन खंड.

जरी / हाकेस तुझ्या / कुणी ना ये / तरी / एकला चाल / रे

आज घरी भांडी घासताना गुणगुणत होते आणि थांबलेच. ‘यदि–तबे’ म्हणजे जर–तर. ‘जरी–तरी’ म्हणजे वेगळंच. ‘जर कुणी आलं नाही, तर एकटा चाल’ यात आधी हाक आहे, वाट पाहणं आहे, आणि कुणी आलंच नाही तर काय करायचं, याचं साधं उत्तर आहे. ‘जरी कुणी आलं नाही, तरी एकटा चाल’ यात हट्ट आहे. हा माणूस कुणी येवो न येवो, निघालेलाच आहे. मूळ गाण्यातल्या माणसाला सोबत हवी होती. त्यानं हाक मारली होती. एका वेलांटीनं तो सगळा काळ पुसला जातो.

म्हणून ‘जर’ आणि ‘तर’. खंड एक-एकच, मग ‘तर मग’ केलं, ते बोलण्यातही येतंच. ‘जर’पुढे काय, ते उद्या.

17 जून

‘डाक शुने केउ ना आसे.’ हाक *ऐकून* कुणी येत नाही. ‘हाकेस तुझ्या’मध्ये ऐकणं राहून गेलं होतं. लोकांनी ऐकलंच नसेल तर त्यांचा दोष नाही. इथे ते ऐकतात आणि येत नाहीत. गाण्याची सगळी जखम त्या ‘शुने’त आहे. तो सोडून चालणार नाही.

‘हाक ऐकुनी’, चार खंड, आणि जोर बरोबर ‘हाक’वर. ‘तुझी’ आधीच्या उचलीत टाकला : ‘जर तुझी’. दोन खंडांच्या जागी तीन झाले, पण उचल हलकी असल्यानं पटकन म्हणता येतात. काकांनी पेटीवर दोनदा वाजवून पाहिलं आणि मान हलवली.

‘केउ ना आसे’साठी आधी ‘ये ना कुणी’ लिहिलं होतं. गायलं की ‘ये ना!’ अशी आर्जवी हाक ऐकू येते, म्हणजे नकाराचा थेट उलटा अर्थ. कागदावर हे कळत नाही, तोंडात आल्यावरच कळतं. ‘कुणी ना ये’ केलं.

जर तुझी हाक ऐकुनी कुणी ना ये, तर मग एकला चाल रे.
एकला चाल, एकला चाल, एकला चाल, एकला चाल रे.

धृपद झालं. दोन आठवडे लागले.

25 जून

‘ओरे ओरे ओ अभागा.’ प्रत्येक कडव्यात येतो, म्हणून चुकला तर तीनदा चुकतो.

बंगालीत ‘अभागा’त माया आहे, असं बौदी पुनःपुन्हा सांगतात, नशिबानं दगा दिलेल्या पोराला आई म्हणेल तसं. मराठीत ‘अभाग्या’ म्हटलं की बोट उगारलेलं दिसतं. ‘करंट्या’ तर शिवीच. ‘बापड्या’त कीव आहे, पण ती वरून खाली पाहणारी. ‘वेड्या’मध्ये हवी तशी माया आहे, तो शब्द मला फार मोहात पाडत होता, पण त्यात दुर्दैव नाही. हे गाणं वेड्याला नाही, एकट्या पडलेल्याला म्हटलंय.

शेवटी ‘अभागी’. ‘ओ-अ-भा-गी’, चार खंड. ‘या’कार गेला की रागावणं गेलं, सुस्कारा उरला. आणि दुसरा फायदा : मराठीत अभागी पुरुषही असतो आणि बाईही. बौदी हसल्या, कारण बंगालीत ‘अभागी’ फक्त बाईसाठी. म्हणाल्या, “तुमचं गाणं मला माझ्यासाठीच लिहिल्यासारखं ऐकू येईल.”

यातूनच आज वाद निघाला. बंगाली ‘एकला’ला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. कुणीही ते कुणालाही म्हणू शकतं. मराठीत ‘एकला’ म्हटल्याबरोबर तो पुरुष झाला. आमच्या गटात सात बायका आहेत. एकीनं विचारलं, “आम्ही आमच्याच तोंडानं फक्त पुरुषालाच धीर द्यायचा का?” ‘एकटं’, ‘एकट्यानं’, सगळं चाचपून पाहिलं. सगळीकडे लिंग आडवं येतं, नाहीतर शब्द लंगडा होतो. सध्या खुलं ठेवलं आहे.

30 जून

पहिलं कडवं.

जर का कुणी बोलेना, अरे अरे ओ अभागी,
जर सारे भ्याले, तोंडे फिरवुन कुणी पाहीना,
तर मग मन मोकळे,
तू वाचा फोडुन मनातले ते एकला बोल रे.

‘बोलेना’वर मी खूश आहे. ‘बोलत नाही’ ही माहिती झाली. ‘बोलेना’त समोरच्यानं तोंड मिटून बसणं आहे. ‘पाहीना’शी जुळतं, जरी हे यमक नुसत्या प्रत्ययाचं आहे आणि कय–भयाइतकं ठसत नाही. मूळात आधी तोंड फिरवणं येतं आणि ओळीच्या टोकाला कारण : ‘सबाइ करे भय’. ऐकणाऱ्याला आधी माणसं दुष्ट वाटतात, मग कळतं की ती घाबरलेली आहेत. माझ्याकडे भीती आधी आली, कारण यमकाची जागा ‘पाहीना’नं घेतली. तो उशिरा कळण्याचा क्षण गेला. पत्रकाची दुसरी नोंद.

‘मुख फुटे’ला ‘तोंड फुटणे’ घ्यायचा मोह होता, पण आपल्याकडे वादाला तोंड फुटतं, आणि ‘तोंड फोडीन’ ही धमकी असते. ‘वाचा फोडणे’ बरोबर, जरी बातम्यांमध्ये ‘प्रश्नाला वाचा फोडली’ वाचून वाचून त्याची धार थोडी बोथट झाली आहे.

‘बोल रे’ आणि ‘चाल रे’ हे पुरं यमक नाही. ‘ल रे’ जुळतं, आधीचा स्वर जुळत नाही. गाताना ‘रे’ इतका लांब धरला जातो की कान माफ करतो.

8 जुलै

तिसरं कडवं आधी घेतलं, कारण त्यानं स्वतःहून दार उघडलं.

‘यदि आलो ना धरे… दुयार देय घरे.’ धरे–घरे. आणि मराठीत : धरी–घरी!

जर का दिवा ना धरी, अरे अरे ओ अभागी,
जर झड-वादळात काळ्या राती दार लावी घरी.

दि-वा-ना-ध-री, दार-ला-वी-घ-री, पाच आणि पाच, मूळाइतकेच. ‘आलो’ म्हणजे उजेड, मी दिवा केला, एवढंच गेलं. सगळ्या गाण्यात ही एकच जागा अशी की जिथे दोन्ही भाषांनी एकमेकींचा हात धरला.

‘झड-बादले’ची गोष्ट त्याहून सुंदर. मी आधी सरळ ‘झड-वादळ’ लिहिलं, मग बौदींना विचारलं. बंगालीत ‘झड’ म्हणजे वादळ आणि ‘बादल’ म्हणजे पाऊस. आपल्याकडे ‘झड’ म्हणजे दिवसेंदिवस लागून राहिलेला पाऊस, आणि ‘वादळ’ म्हणजे वादळ. दोन्ही शब्दांनी जागा बदलल्या, आणि बेरीज तीच राहिली! मी चुकून बरोबर आले होते.

असं नशीब पुढच्या शब्दाला मिळालं नाही. ‘वज्रानले’. बंगालीत ‘वज्र’ म्हणजे कडाडून कोसळणारी वीज. आपल्याकडे वज्र म्हणजे कठीण : वज्रमूठ, वज्रलेप. ‘वज्राग्नी’ लिहिलं तर पुराणातलं अस्त्र वाटतं, आकाश दिसत नाही. ‘विजेवरती’ लिहिलं, चार खंड. आता कुणीतरी म्हणणारच की हे विजेवर चालणाऱ्या शेगडीसारखं वाटतं. म्हणालेही. वादळाची ओळ आधीच येऊन गेल्यामुळे आभाळातली वीज डोळ्यांसमोर असते, असं मी म्हटलं, आणि त्यावर ठाम आहे.

13 जुलै

दुसरं कडवं, आणि ‘दलो’.

बंगालीत ‘दला’ म्हणजे पायाखाली चिरडणं. मराठीत सख्खं भावंड ‘दळणे’, आणि ते जात्यावर बसलं आहे. ‘काटे दळ रे’ होऊच शकत नाही. त्याच धातूचा दुसरा शब्द मात्र महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको : दलित, म्हणजे चिरडलेला. बंगाली गाण्यात अभागा काटे ‘दलतो’. आपल्याकडे हा धातू चिरडल्या गेलेल्या माणसाच्या नावात येऊन राहिला आहे. तो वापरता येणार नाही, पण लिहून ठेवावासा वाटला.

परभणीकडचा आमचा ढोलकीवाला म्हणाला, “मळ रे कसं वाटतं? मळणीला बैल कणसं तुडवतातच की.” चित्र अगदी बरोबर. पण मळणीतून धान्य येतं. काट्यांतून काय येणार? आणि शहरातल्या कानाला पीठ मळणं ऐकू जाईल. ‘झेल रे’ पाहिलं : ‘एकला झेल रे’ छान गाता येतं, ‘ल’ही जुळतो. पण झेलणारा सोसतो, तुडवणारा काट्यांवर स्वतःहून पाय देतो. 1947च्या सुरुवातीला गांधीजी नौखालीत गावोगाव अनवाणी चालले, तेव्हा हे गाणं त्यांच्या सोबत होतं. ते काटे झेलत नव्हते. ‘झेल’ खोडलं.

रक्ताळलेल्या तळव्यांखाली एकला तुडव रे.

रक्-ताळ-ले-ल्या, तळ-व्यां-खा-ली, एक्-ला-तु-डव. अर्थ पुरा, खंड पुरे. यमक नाही.

14 जुलै

तालमीत ‘तुडव रे’ गायलं आणि पुढच्या धृपदावर निम्म्या जणी उशिरा आल्या. दोनदा. सगळ्यांना पाठ असूनही. काकांनी कारण सांगितलं : “अगं, ‘लो रे’ ही खूण आहे. कडव्यातून धृपदात शिरायची पायरी. ती काढलीस, तर पाय कुठे टाकायचा?” यमकाकडे मी आजवर शोभा म्हणून पाहत होते. इथे ते काम करत होतं.

रात्री सुचलं. शेवटचा ‘रे’ लांब धरलेला असतो, तिथे एक खंड जास्तीचा मावतो :

एकला तुडवत चाल रे.

एक्-ला-तुड-वत, चार, मग धरलेल्या सुरावर ‘चाल रे’. आज्ञा ‘चाल’ची झाली, तुडवणं तिच्याबरोबर आलं, आणि यमक धृपदाशी पुरं जुळलं. सकाळी गाऊन पाहिलं, सगळे एकत्र आले.

याच साच्यात ‘बोलत चाल रे’ही करून पाहिलं, पण ते गप्पा मारत फिरायला निघाल्यासारखं होतं. पहिल्या कडव्यात ‘बोल रे’च राहील.

15 जुलै

दुसऱ्या कडव्याच्या बाकीच्या ओळी पटकन झाल्या :

जर का सारे परतले, अरे अरे ओ अभागी,
जर बिकट वाटे तू निघताना मागे न वळले,
तर मग वाटेचे काटे
रक्ताळलेल्या तळव्यांखाली एकला तुडवत चाल रे.

मूळातल्या वाटेचा ‘गहन’ ठेवला नाही. आपल्याकडे आता प्रश्न गहन असतात, रस्ते नाहीत. ‘बिकट’मध्ये चढ-उतार आले, पण गर्द झाडीतला अंधार गेला. ‘वाटेचे काटे’त एक खंड वाढला आहे, काकांनी चालवून घेतलं.

22 जुलै

शेवटची ओळ. ‘आपन बुकेर पाँजर ज्वालिये निये एकला ज्वलो रे.’ स्वतःच्या छातीच्या बरगड्या पेटवून घेऊन एकटा जळ. दिवा धरायला कुणी नाही, म्हणून आपलीच हाडं मशालीसारखी. रवींद्रनाथांनी स्वतः केलेल्या इंग्रजी रूपात यमक सोडून दिलं आहे आणि बरगड्यांच्या जागी हृदय आलं आहे. मला बरगड्या सोडायच्या नव्हत्या. हृदय पेटणं आता गुळगुळीत झालंय. बरगड्यांत मात्र लाकडं दिसतात.

आपल्या उरी बरगड्या पेटवुनी…

इथवर आलं. मूळातही ‘पाँजर ज्वालिये निये’ दाटीवाटीनं गायलं जातं, त्यामुळे ‘बरगड्या पेटवुनी’ची दाटी चालून गेली.

पुढे? ‘एकला जळ रे’ अशक्य. मराठीत माणूस जळतो म्हणजे दुसऱ्याचं चांगलं बघून जळतो. शिवाय ‘ळ’ आणि ‘ल’ आपण वेगळे ऐकतो, बंगालीत ‘ळ’ नाहीच. ‘एकला उजळ रे’ गोड आहे, पण त्यात वेदना नाही, दिवाळी आहे. ‘एकला मशाल रे’ खंडांत बसतं, ‘चाल’शी पुरं जुळतं, आणि तीन दिवस मी तेच धरून बसले होते. दोन कारणांनी सोडलं. मूळात मशाल हा शब्द नाही, ती ऐकणाऱ्यानं बरगड्यांतून स्वतः घडवायची आहे. मी नाव घेतलं की त्याचं काम मीच करून टाकते. आणि मशाल सध्या एका पक्षाचं निवडणूक चिन्ह आहे. सभागृहात नको तिथे टाळ्या येतील.

राहिला दुसऱ्या कडव्याचाच साचा : ‘एकला पेटत चाल रे.’ ते लिहून तालमीला दिलं.

26 जुलै

सातारच्या काकूंनी आज गाणं थांबवलं. म्हणाल्या, “शेवटी त्याला पुन्हा कशाला चालवतेस? तो तर आता दिवा झालाय.”

मी घरी येऊन मूळ पुन्हा वाचलं. चलो, बलो, दलो, ज्वलो. माणूस चालायला लागतो, मग बोलतो, मग तुडवतो, आणि शेवटी चालण्याचा उल्लेखच नाही. तो जळतो आहे, उभ्या जागी, आणि उजेड त्याचाच आहे. चौथी पायरी ही वाटेवरची पायरी नाही. ‘पेटत चाल’नं मी त्याला पुन्हा रस्त्यावर आणला होता, निव्वळ यमकासाठी.

‘तुडवत चाल’मध्ये तसं होत नाही, कारण तुडवायला चालावंच लागतं. इथे मात्र होतं. म्हणून शेवटच्या कडव्यात यमक सोडलं :

तर मग विजेवरती
आपल्या उरी बरगड्या पेटवुनी एकला पेट रे.

‘पेटऽ’ दोन अक्षरांचं, ‘चालऽ’सारखंच उघडं. ‘पेटवुनी’ आणि ‘पेट’ हे ‘ज्वालिये’ आणि ‘ज्वलो’सारखे एकाच धातूचे, ही जोडी मात्र न मागता मिळाली. धृपदात शिरायची खूण नसल्यामुळे काकांनी तिथे पेटी थांबवायची ठरवली. ‘रे’ संपल्यावर एक आवर्तन नुसता ठेका, मग सगळ्यांनी धृपद. मूळ चालीत हे थांबणं नाही. सूर बदलायचा नाही अशी अट होती. सूर बदललेला नाही, पण मोकळी जागा वाढली, हे पत्रकात लिहायचं.

2 ऑगस्ट

पत्रकाचा मजकूर, अर्ध्या पानात मावेल एवढा :

‘मूळ गाण्यात सलगीचा “तू” आणि बरोबरीची आज्ञा एकत्र येतात, मराठीत दोन्हीकडे “तू”च आहे. पहिल्या कडव्यात लोकांची भीती मूळात शेवटी कळते, इथे आधी. मूळात “वज्र” हा एक शब्द वीज आणि तिचा कडकडाट दोन्ही दाखवतो, इथे फक्त वीज उरली. मूळात चारही आज्ञा एका यमकात आहेत. आम्ही दुसऱ्या कडव्यात आज्ञेच्या जागी “तुडवत” घेऊन यमक राखलं, आणि शेवटच्या कडव्यात “पेट” ही आज्ञा राखून यमक सोडलं. त्यानंतरचं एक आवर्तनाचं थांबणं आमचं आहे. मूळातला “एकला” बाई आणि पुरुष दोघांनाही लागू आहे.’

शेवटच्या वाक्यापुढे काय लिहायचं ते ठरत नव्हतं. मग लक्षात आलं की ‘एकला’ आणि ‘एकली’ दोन्ही दोन खंडांचे, जोर दोन्हींत पहिल्यावर. अदलाबदल केली तर चालीला काहीच कळत नाही.

8 ऑगस्ट

काल झालं. पहिलं कडवं सगळ्यांनी, दुसरं फक्त बायकांनी ‘अगं अगं ओ अभागी… एकली तुडवत चाल गं’ असं, तिसरं पुन्हा सगळ्यांनी. ‘रे’चा ‘गं’ झाला तिथे मी धास्तावले होते, कारण ‘रे’ लांब धरायला मोकळा आहे आणि ‘गं’वर अनुस्वार, पण काकूंनी अनुस्वार शेवटपर्यंत लावलाच नाही, नुसता ‘गऽऽ’ धरला आणि सोडताना मिटला. ‘पेट रे’नंतर ठेका एक आवर्तन चालला. तिथे पहिल्या रांगेत बसलेल्या बौदी, बहुधा सवयीनं, एकट्याच ‘एकला चलो’ म्हणून गेल्या, आमच्या आधी. मग आम्ही आलो.

‘विजेवरती’बद्दल तिघांनी विचारलं. तो शब्द बदलावा लागेल. ‘वीज झेलुनी’ चार खंडांत बसतं. पुढच्या तालमीत गाऊन बघायचं.